कंदीलवालीची चौकट

आसाराम वाघचौरेच्या खोलीत बायकोचा एकच फोटो होता, आणि तोही निवडणुकीच्या ओळखपत्रावरचा. शाळेच्या पटांगणात रांग लावून, पांढऱ्या चादरीपुढे बसवून काढलेला. डोळे अर्धे मिटलेले, पदर एका कानावर आणि मागच्या चादरीची सुरकुती बरोबर डोक्यातून शिंगासारखी वर गेलेली. कार्ड हातात पडलं त्या दिवशी भागूबाई इतकी हसली होती, की तिला ठसका लागला. "आवं, ह्या बाईला कुनी मत द्यायला आत सोडंल का?" असं म्हणून तिनं ते पिठाच्या डब्यामागं टाकलं. पुढच्याच वर्षी ती गेली. मग आसारामनं कार्ड डब्यामागून काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि आरशाच्या कडेला खोचलं.

पंचवीस वर्षं जी बाई कनातीतल्या दोन-दोन हजार माणसांपुढं उभी राहिली, तिचा दुसरा फोटो नसावा, हे ऐकणाऱ्याला खरं वाटायचं नाही. पण तमाशाच्या कंपनीत फोटो निघतात ते नाचणाऱ्या पोरींचे आणि मालकाचे. भागूबाई वगात काम करायची. कधी म्हातारी, कधी दासी, कधी कोतवालाची मेहुणी. आणि शेवटच्या दहा मिनिटांत, गर्दी आवरून उठायच्या बेतात असताना, ती पहारेकऱ्याची बायको व्हायची. नवरा पहाऱ्यावरून नाहीसा झालेला, गावाला पत्ता लागू नये म्हणून बायकोच त्याचा कंदील घेऊन वेशीत उभी राहते, असा तो प्रसंग. ती हात वर करून अंधारात हाक घालायची, "कोन हाय तिकडं? म्होरं ये! तोंड दाखीव!" आणि उठलेली माणसं पुन्हा बसायची.

आसाराम त्याच कंपनीचा लाईटवाला. गॅसबत्त्यांपासून हॅलोजनपर्यंतचा सगळा काळ त्यानं बोटांवर झेलला होता. त्याचा डिमर म्हणजे मिठाच्या पाण्याचं पिंप. पत्रा पाण्यात बुडवला की उजेड वाढायचा, वर ओढला की मावळायचा. एवढं पिंप जवळ घेऊन तो पडद्यामागं बसायचा आणि कापडाच्या फटीतून पुढं बघायचा. त्यामुळं झालं असं, की सगळ्या मुलखानं भागूबाईला समोरून पाहिलं आणि तिच्या नवऱ्यानं पाठमोरं. घरात तिचं तोंड रोजचंच होतं. भाकरी थापताना घामेजलेलं, भांडताना लाल झालेलं. पण हाक घालताना तिच्या तोंडावर काय उतरायचं, ज्यानं लोक उठता उठता बसायचे, ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तिला विचारलं तर म्हणायची, "तुमी त्वांड बघायला आलात तर माझ्या मागं उजेड कोन धरंल?"

कंपनी मोडली, भागूबाई गेली, आणि आसाराम केडगावात पुणे रस्त्याच्या कडेला एका खोलीत एकटा राहू लागला. मंडपवाल्याच्या गोदामात बसून माळांचे गेलेले बल्ब बदलायचं काम होतं. संध्याकाळी परत आला, की दिवा लावून तो पुन्हा बाहेर यायचा आणि रस्त्यापलीकडून आपल्याच खिडकीकडं बघत राहायचा. लाईटवाल्याची जुनी खोड. पूर्वी त्या उजेडात कुणीतरी इकडून तिकडं जायचं. आता नुसता चौकोन पिवळा दिसायचा. मग तो आत जाऊन दार लावून घ्यायचा.

त्याच्या पेटीत एक व्हिडिओ कॅसेट होती. घोडेगावच्या एका जत्रेत मालकानं लग्नाच्या कॅमेरेवाल्याकडून वग उतरवून घेतला होता, त्याची. पैसे बुडाल्यावर मालकानं सामान वाटून टाकलं, तेव्हा पिंप कुणी नेलं नाही आणि कॅसेट कुणी मागितली नाही. दोन्ही आसारामनं घेतली. पण बघायची कशावर? खोलीत टीव्ही नव्हता. आणि दुसऱ्याच्या घरी जाऊन आपल्या मेलेल्या बायकोला बघायचं, तेही त्या घरच्या पोराटोरांच्या गलक्यात, हे त्याला जमलं नाही.

नव्याण्णव साली गोरक्षनाथ शेठ नावाचा कॅसेटचा व्यापारी त्याला शोधत गोदामात आला. आता चकतीचा जमाना आला होता. जुन्या वगांतले, लावण्यांचे निवडक तुकडे एका व्हीसीडीवर घालायचे आणि बाजारच्या गावांतून विकायचे, असा त्याचा बेत. आसारामनं कॅसेट फुकट दिली. अट एकच घातली.

"शेठ, शेवटचा कंदिलाचा तुकडा राह्यला पायजे."

"बघू की," शेठ म्हणाला. "पण एक ध्यानात घ्या, मास्तर. चकती लावली की पहिल्यांदा टीव्हीवर सहा चौकटी येणार. एकेका चौकटीत एकेकाचं चित्र. रिमोटवर आकडा दाबला की तो तुकडा सुरू. माझं गिऱ्हाईक कोण? बैल विकायला आलेला माणूस. तो काय वाचत बसणार हाय का? दुकानाबाहेर उभा राहून बोट करणार, ते लाव म्हणून. जी चौकट लांबून कळत न्हाई, ती माझ्या कामाची न्हाई. तिच्या जागी घालायला सातवी लावणी माझ्याकडं तयारच हाय."

अशा रीतीनं एका सकाळी आसाराम इस्त्रीचं धोतर नेसून नगर शहरातल्या एका जिन्यावर चढला. वर प्रवीण आणि यशोधरा या नवराबायकोचा व्हिडिओ मिक्सिंगचा स्टुडिओ होता. प्रवीण लग्नाच्या शूटिंगला संगमनेरला गेलेला. संगणकापुढं यशोधरा एकटीच होती. भीमनगरातली, पंचविशीची, चष्म्याआडून रोखून बघणारी मुलगी. आधी निमंत्रणपत्रिका जुळवायची, आता लग्नाच्या कॅसेटींच्या सुरुवातीची नावं तयार करायची.

"बसा काका. तुमच्या कॅसेटमधनं चांगलं चित्र निवडू. मग ती बाई कापून घेऊ."

"कापून?"

"म्हणजे तिच्या कडेकडेनं मागचं सगळं काढून टाकायचं. फक्त ती ठेवायची. मग मागं हवं ते घालता येतं."

तिनं पडद्यावर कॅसेट पुढं-मागं केली, आणि एका ठिकाणी थांबवली. आसाराम खुर्चीतून अर्धा उठला.

भागूबाई समोर बघत होती. कंदील छातीशी धरलेला, मान किंचित पुढं. चित्रात मुंग्या चालल्यासारखं दिसत होतं, रंग एकमेकांत उतरले होते, पण डोळे होते. कुणीतरी येईल याची भीती आणि कुणीच येणार नाही याचीही भीती, दोन्ही त्या डोळ्यांत एकदम होत्या. यशोधरानं हळूच पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"तुमच्या कोण?"

"मालकीन," तो म्हणाला. आणि पाणी पिऊन झाल्यावर, "हेच घ्या. त्वांड हाय ह्येच्यात."

यशोधरानं तेच घेतलं. माऊसनं एकेक टिचकी मारत ती भागूबाईच्या कडेनं निघाली. खांदा, पदराची घडी, कोपर. दोन तास गेले. आसाराम मान न हलवता बघत होता. कापून झाल्यावर त्यानं आपल्या मनातली दुसरी गोष्ट सांगितली. मागं राजवाड्याचा पडदा हवा. कंपनीचा मानाचा पडदा तो. कानिफनाथ पेंटरनं चार महिने खपून काढलेला. खांब, झुंबरं, मोर, कारंजी. भागूबाई त्या पडद्यापुढं कधी उभी राहिली नव्हती, तो मान नाचणाऱ्या पोरींचा. निदान इथं तरी राहू दे.

यशोधराला ते ऐकून नाही म्हणवेना. कॅसेटच्या सुरुवातीचा पडदा उचलून तिनं भागूबाईच्या मागं बसवला, आणि कडेनं पिवळसर उजेडाची एक किनारही फिरवली. संगणकाच्या पडद्यावर चित्र भरून दिसलं तेव्हा आसारामनं हात जोडले.

अकरा वाजता गोरक्षनाथ शेठ आला. यशोधरानं संगणकाची वायर शेजारच्या टीव्हीला जोडली आणि सहा चौकटींचं पान लावलं. शेठ आत आलाच नाही. चष्मा काढून खिशात घातला आणि उंबऱ्यावरूनच बघू लागला.

"पहिली, ढोलकीवाला. दुसरी, घुंगराचे पाय, झकास. तिसरी पगडी... चौथी नाच. पाचवी सोंगाड्या." तो थांबला. "आन् सहावीत काय हाय? डाळतांदूळ?"

"बाई आहे शेठ. कंदील घेतलेली," यशोधरा म्हणाली.

"कुठंय बाई? मला तर गोधडी दिसतीय. तीबी धुवायला टाकलेली."

आसारामनं टीव्हीकडं पाहिलं. आगपेटीएवढ्या चौकटीत झुंबरं, मोर, खांब आणि भागूबाई यांचा एकच चिखल झाला होता. किनारीचा उजेड कुठं गेला होता तेही कळत नव्हतं. जे डोळे बघून तो मघाशी उठून उभा राहिला होता, तिथं एक राखाडी ठिपका होता.

"चार वाजता परत येतो," शेठ म्हणाला. "तवर बाई दिसली तर दिसली. न्हाई तर सातवी लावणी घाला. मास्तर, राग मानू नका. दिसलीच न्हाई तर दाबंल कोण?"

शेठचे पाय जिन्यावरून उतरत गेले. आसाराम बराच वेळ टीव्हीकडं बघत बसला. एवढी वर्षं गेल्यावर ही एक जागा उरली होती, जिथून कुणीतरी तिला बोलावलं असतं. चार वाजता तीही जाणार होती.

"काका, चूक माझी पण आहे," यशोधरा म्हणाली. "मोठ्या चित्रावर उजेड लावला आणि मग लहान केलं. चित्र आठपट लहान झालं तर उजेडाची पट्टीपण आठपट बारीक होणार. उरणार काय? आता उलटं करते. आधी लहान, मग उजेड. आणि हा राजवाडा काढते."

"पडदा नको काढू, पोरी. लई कष्टाचा हाय."

"कष्टाचा आहे म्हणूनच. एवढ्याशा जागेत तुमच्या मालकीणबाईंनी मोरांशी भांडायचं का?"

तिनं राजवाडा काढला आणि मागं एकसलग रंग ओतला. आधी पिवळा, उठून दिसेल म्हणून. पण त्या पिवळ्यावर किनारीचा उजेड दिसेचना.

"उजेडावर उजेड दिसत नाही," ती स्वतःशीच पुटपुटली. मग तिनं लाल घातला. संगणकावर तो रुबाबदार होता. टीव्हीवर मात्र लाल रंग ओल्या कापडासारखा पसरला आणि भागूबाईच्या हिरवट लुगड्याच्या कडा खाऊन बसला. "हा टीव्हीवर असाच फुटतो," ती म्हणाली. "नवरीच्या शालूला पण असंच होतं."

"उजेड वाढव," आसाराम म्हणाला. "भरपूर वाढव. पत्रा पाण्यात बुडव."

"काय बुडवू?"

"जाऊ दे. वाढव तू."

तिनं वाढवला. किनार फुगली, सुजली, कोपर आणि कमरेमधली फट उजेडानं भरून गेली. बाईचं रताळं झालं. दोघं बघत राहिले, आणि एकदम यशोधराला हसू फुटलं. तिनं घाईनं तोंडावर हात ठेवला.

"हास की," आसाराम म्हणाला, आणि त्यालाही हसू आलं. "हिनं स्वतःला असं बघितलं असतं तर मला दोन दिस जेवाय वाढलं नसतं." ते हसू ओसरल्यावर खोली पहिल्यापेक्षा जास्त सुनी झाली.

दोन वाजून गेले होते. यशोधरानं डबा उघडला, अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं घास मोडला, पण तोंडात घातला नाही. तो उठून उंबऱ्यावर गेला, शेठ उभा होता तिथं, आणि डोळे बारीक करून टीव्हीकडं बघू लागला. अशानं बारकावे जातात, काळं आणि पांढरं तेवढं उरतं. रंगमंच लावताना तो कनातीच्या शेवटच्या दोरीपाशी जाऊन असाच बघायचा.

आणि तिथं उभ्या उभ्या त्याला घोडेगाव आठवलं.

कॅसेट काढली त्याच जत्रेतली गोष्ट. वगाच्या आदल्या दिवशी भागूबाई त्याच्याशी भांडली होती. वेशीच्या प्रसंगाला मालकानं गावाचा पडदा लावायला सांगितला होता. घरं, झाडं, देऊळ, विहीर, सगळं काढलेला. भागूबाईनं लुगडं खोचलं आणि म्हणाली, "मला त्या इहिरीत गाडता का? मागच्या मान्सानं बाई बघायची का देऊळ? निळं कापड लावा. नुसतं. आन् बत्ती माझ्या पाठीमागं ठेवा, बाजूला न्हाई. थोडकीच." आसारामनं ऐकलं. सामान झाकायचं निळं जाड कापड मागं बांधलं, बत्ती तिच्या पाठीमागं खाली ठेवली आणि पत्रा निम्मा बुडवला. केसांच्या, खांद्याच्या, वर केलेल्या हाताच्या कडेनं उजेडाची रेघ निघाली, बस्स. मग शेवटच्या दोरीपाशी उभे असलेले बैलवालेसुद्धा गप्प झाले होते. कॅमेऱ्यात मात्र ते निळं आणि ती रेघ उतरलीच नव्हती, नुसता काळपट गाळ आला होता.

तो आत आला. "निळं घाल. गडद. सामानाच्या कापडावानी, काई नक्षी नको. आन् उजेड थोडका, पर धारेचा. पसरू नको देऊ."

यशोधराचं बोट चाललं. गडद निळा रंग आला. त्यावर फिकट पिवळी किनार तिनं लावली. पसारा कमी केला, जोर वाढवला. ती उठून त्याच्याजवळ उंबऱ्यावर आली. दोघांनी डोळे बारीक केले.

"आता कुणीतरी उभं आहे हे कळतंय," ती म्हणाली. "पण काका, खरं सांगू? कोण ते कळत नाही. पोतं उभं केल्यासारखं वाटतं. कंदील छातीशी आहे ना, तो अंगातच जातोय. हात बाहेर दिसत नाही. कड कितीही उजळली तरी मुळात आकार पाहिजे."

"मग?"

तिनं उत्तर द्यायच्या आधी कॅसेट पुढं सरकवली. थांबवली. भागूबाई अर्धी वळलेली, कंदील डोक्याच्या वर उचललेला, हात अंगापासून सुटा, दुसऱ्या हातात काठी. पदर वाऱ्यावर मागं गेलेला. तोंड मात्र पलीकडं. दिसत होता तो कान, जबड्याची रेघ आणि अंबाड्याचा गोळा.

"हे," यशोधरा हळू म्हणाली. "हे रस्त्यावरनं पण कळेल. पण यात चेहरा नाही."

आसाराम खुर्चीत बसला. भिंतीवरच्या घड्याळात तीनला पाच कमी होते. मघाचं चित्र, डोळ्यांचं, तिनं बाजूला लहान करून ठेवलं होतं. एवढ्या वर्षांनी ती त्याच्याकडं समोरून बघत होती, आणि तिला बाजूला ठेवायचं. पुन्हा पाठच घ्यायची.

"त्या चौकटीत डोळं दिसतील का कसंबी करून?" त्यानं विचारलं.

"नाही काका. अख्खं तोंडच ज्वारीच्या दाण्याएवढं येतं."

"म्हंजी मला वाटतं म्हनून ठिवायचं. बघनाऱ्याला काय बी न्हाई."

आसारामनं हात पुढं करून पडद्यावरच्या त्या अंबाड्यावर बोट ठेवलं. काचेतून बारीक चरचर झाली. हे त्याच्या ओळखीचं होतं. मानेवरचा हा खळगा, हात वर करताना उजव्या खांद्याला बसणारा हा हिसका. पंचवीस वर्षं फटीतून त्यानं हेच बघितलं होतं, आणि हिची हाक आता निघणार हे खांद्यावरून ओळखून पत्रा बुडवला होता. एकदासुद्धा चुकला नव्हता.

"घे," तो म्हणाला. "उचललेला हात घे."

पुढचा तास त्यातच गेला. यशोधरा पुन्हा कडेकडेनं निघाली, आणि या वेळी आसाराम तिला वाट सांगत होता. "तो पदराचा सोगा काढून टाक, शेपटीवानी दिसतुया. काठी ठेव. कोपराखालची फट मोकळी कर, तिथनं निळं दिसलं पायजे." तिनं आकृती थोडी उजळली, आधी लहान केली, मग किनार लावली. कंदिलाच्या काचेतले बारकावे पुसून तिथं एकच पिवळा ठिपका ठेवला. चौकटीत ती मोठी बसवली, पाय कापले गेले तरी चालतील म्हणून. कंदील मात्र वरच्या कोपऱ्यात अख्खा राखला.

चारला दहा मिनिटं असताना जिन्यावर पाय वाजले. शेठ उंबऱ्यावर थांबला, चष्मा काढला. टीव्हीवर सहा चौकटी होत्या. पाच रंगीबेरंगी, गजबजलेल्या. सहावी निळी, शांत, आणि तिच्यात उजेडाच्या रेघेत उभी एक बाई.

शेठनं पहिल्या पाचांकडं बघितलंच नाही.

"ही कंदीलवाली कोन?"

आसारामनं तोंड उघडलं, पण आवाज यशोधराचा निघाला. "सकाळची गोधडी, शेठ. धुऊन आली."

शेठ खदखदून हसला. "आयला! आन् कुनाला हाक मारतीया ही? मला तर वाटलं मलाच." तो आत आला, चष्मा लावून जवळून बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला. "जवळनं काईच न्हाई की. तोंडबी न्हाई."

"जवळनं बघनारे आपन कंपनीवाले, आपल्याला तिकीट लागत न्हाई, शेठ," आसाराम म्हणाला. "शेवटच्या दोरीचं बघा."

शेठ पुन्हा उंबऱ्यावर गेला. बघितलं. मान हलवली. "राहू दे सहावी. लावणी जाऊ दे पुढच्या चकतीत."

आसारामनं धोतराचा सोगा डोळ्याला लावला नाही, लोकांपुढं ते त्याला आवडत नव्हतं. तो फक्त यशोधराला म्हणाला, "पोरी, ते दुसरं, डोळ्याचं... ते पुसलंस का?"

"नाही काका. ठेवलंय." तिनं छापायचं यंत्र चालू केलं. घरघरत, रेघ रेघ करत एक कागद बाहेर आला. रंग थोडे उतरलेले, मुंग्या तशाच. पण डोळे होते. आसारामनं तो कागद दोन्ही हातांवर घेतला, ओला असावा तसा, आणि जिना उतरून गेला.

दिवाळीनंतरच्या बाजाराला तो घोडेगावला गेला. काम काहीच नव्हतं. बैलांच्या रांगा, दलाली करणारे हेडे, रुमालाखाली हात घालून चाललेले सौदे, धूळ. रस्त्याकडेच्या एका दुकानात कॅसेटींच्या मांडणीवर टीव्ही ठेवलेला होता आणि त्यावर सहा चौकटींचं पान लागलेलं. समोर पंधरा-वीस माणसं. आसाराम त्यांच्या मागं, लिंबाच्या झाडापाशी उभा राहिला. कुणी घुंगरावर बोट केलं, ते लागलं. मग सोंगाड्या लागला, हशा झाला. मग पुन्हा घुंगरू. तास गेला. सहावीवर कुणी बोट करेना. माणसं येत होती, जात होती, आणि निळ्या चौकटीतली बाई हात वर करून उभीच होती. आसारामला वाटलं, आपणच पुढं होऊन सांगावं. पण त्यानं तसं केलं नाही. स्वतःच्या खेळाला स्वतः टाळी वाजवायची त्याची रीत नव्हती.

उन्हं कलली. रस्त्याच्या पलीकडं एक म्हातारी शेळी धरून उभी होती. विकली गेली नसावी. तिनं कपाळावर आडवा हात धरला, टीव्हीकडं बघितलं आणि रस्त्यापलीकडूनच ओरडली, "आरं ए दुकानदारा! ती कंदील धरून कोन हुभी हाय? ती लाव की!"

"कुठली, आजी?"

"निळ्यातली रं! इथनं दिसतीया आन् तुला जवळ बसून दिसंना व्हय?"

दुकानदारानं आकडा दाबला. निळी चौकट गेली आणि टीव्हीभर भागूबाई आली. आधी पाठमोरी, मग वळली. माणसं आपोआप गप्प झाली. म्हातारी शेळीला ओढत रस्ता ओलांडून पुढं आली. आसारामचा उजवा हात त्याच्या नकळत खाली दाबला गेला, पाण्यात पत्रा बुडवावा तसा.

"कोन हाय तिकडं?" भागूबाईनं हाक घातली. "म्होरं ये! तोंड दाखीव!"

तेव्हा कुठं आसाराम झाडाखालून निघाला. गर्दीच्या कडेकडेनं, कुणाच्या आड न येता, तो दुकानासमोर आला आणि टोपी काढून हातात घेतली. तिच्या तोंडावरचा उजेड काचेतून त्याच्या तोंडावर पडला होता. तुकडा संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग पडद्यावर पुन्हा सहा चौकटी आल्या, म्हातारी शेळी घेऊन आपल्या वाटेला लागली, आणि तो एसटी पकडायला स्टँडकडं एकटाच चालू लागला.